अनोळखी ऑपरेटरला पहिला मेसेज : इमोजी, शॉर्टफॉर्म, व्हॉइस नोट चालतात का?

जिगफिक्श्चर (सोमवार, रात्री 10:12)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, तीन व्हीएमसी मिलिंग मशीन, एक जुनं लेथ, सगळे मिळून अकरा माणसं. एक सेटर गावी गेला तो परत आलाच नाही, म्हणून मागच्या आठवड्यात जॉबच्या अ‍ॅपवरून नंबर काढून 40 जणांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. मेसेज जसाच्या तसा देतो:

"हाय 👋 व्हीएमसी ऑप. पाहिजे अर्जंट 🔥🔥 भोसरी. सॅल 20 के 💰 + ओटी. एक्स्प 2 इयर. ड्यूटी 12. इंट असेल तर प्लीज रिप्लाय 🙏"

आणि त्याखाली लगेच 48 सेकंदांची व्हॉइस नोट, त्यात काम काय, मशीन कुठली, पत्ता, सगळं व्यवस्थित सांगितलं होतं. 40 पैकी उत्तर तिघांचं आलं. एकाने विचारलं फी किती भरायची. दुसऱ्याने नुसतं "कोण?" लिहिलं. तिसरा आला पण त्याला सेटिंग येत नव्हतं, तो फक्त लोडिंग-अनलोडिंग करणारा. बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट ऐकलीच नाही, कारण माईकचं चिन्ह निळं झालंच नाही. पाच-सहा जणांनी बहुतेक ब्लॉक केलं असावं, कारण मेसेजवर अजून एकच टिक आहे.

माझी बायको म्हणते तुमचा मेसेज फसवणुकीवाल्यांसारखा दिसतो. मला वाटलं होतं ही पोरं 22-25 वर्षांची आहेत, त्यांना त्यांच्याच भाषेत लिहावं. इथं कुणी अशी भरती केली असेल किंवा असे मेसेज ज्यांना येत असतील त्यांनी सांगा नक्की काय चुकतंय. मशीन बंद आहे आणि त्या मशीनचा हप्ता चालू आहे.

---

रंगरेषा (सोमवार, रात्री 10:40)

दादा मी ग्राफिक डिझायनर आहे, फ्रीलान्स कामं येतात ती सगळी मेसेजवरच, त्यामुळे माझं मत देते. इमोजीने मेसेजला माणूसपण येतं असं मला खरंच वाटतं. कोरडा मेसेज आला की समोरचा रागावलाय का असं वाटतं. एखादा 🙂 किंवा 🙏 असला की बोलावंसं वाटतं. तुमच्यात 🔥 आणि 💰 जास्त झालेत एवढंच, ते काढा, बाकी मेसेज ठीक आहे. व्हॉइस नोट तर चांगलीच, आवाजावरून माणूस खरा आहे ते कळतं.

---

चौथा_अ‍ॅक्सिस (सोमवार, रात्री 11:25)

मी सेटर आहे, आयटीआय मशिनिस्ट, 6 वर्षं फॅनुकवर, आता चाकणला. मला आठवड्याला असे चार-पाच मेसेज येतात म्हणून सांगतो, रागावू नका.

पहिली गोष्ट "ऑप." ऑपरेटर वेगळा आणि सेटर वेगळा. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल स्टार्ट करतो, गेज लावून बघतो. सेटर वर्क ऑफसेट घेतो, टूलची लांबी घेतो, पहिला पीस पास करून देतो, प्रोग्रॅममध्ये थोडंफार करेक्शन करतो. पगारात पण फरक असतो. तुम्हाला सेटर पाहिजे होता आणि लिहिलं ऑपरेटर, मग सेटर कशाला उत्तर देईल, आणि जो आला तो लोडिंगवालाच येणार ना. ते तुमच्या शॉर्टफॉर्मने केलं.

दुसरी गोष्ट "ड्यूटी 12". 12 तास म्हणजे 8 अधिक 4 ओटी का 12 तासांचे मिळून 20 हजार? हे दोन्ही प्रकार भोसरी-चाकणला आहेत आणि दोन्हीकडे मेसेज असाच येतो. मी एकदा "20 के + ओटी" वाचून गेलो होतो, तिथं पोचल्यावर कळलं ओटी सिंगल रेटने, आणि तो पण 26 दिवस पूर्ण भरले तरच. अर्धा दिवस आणि पेट्रोल गेलं. तेव्हापासून जिथं लिहिलेलं नाही तिथं मी विचारत पण बसत नाही.

तिसरं व्हॉइस नोट. शॉपमध्ये फोन लॉकरला असतो. जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासात हात धुवायचे, डबा खायचा, घरी फोन करायचा. कॅन्टीनमध्ये 60 माणसं बोलत असतात, तिथं अनोळखी माणसाची 48 सेकंदांची नोट कोण ऐकणार, आणि कानाला लावून ऐकली तरी शेजारचा विचारतो काय रे नवीन नोकरी का. सुपरवायझरपर्यंत जायला वेळ लागत नाही. लिहिलेलं असलं की तीन सेकंदांत वाचून फोन खिशात.

---

वरणभात (मंगळवार, सकाळी 7:55)

मला व्हॉइस नोटचं अगदी उलट वाटतं, माझा अनुभव सांगते. आईला पडल्यामुळे खुब्याचं ऑपरेशन झालं, तिच्यासाठी दिवसभराच्या ताई पाहिजे होत्या. शेजारणीने तीन नंबर दिले. मी दोघींना लिहून पाठवलं, काही उत्तर नाही. तिसऱ्या ताईंना व्हॉइस नोट पाठवली, त्यांचा दहा मिनिटांत फोन आला. नंतर कळलं त्यांचं शिक्षण तिसरीपर्यंत, लिहिलेलं त्या मुलीकडून वाचून घेतात आणि मुलगी संध्याकाळी येते. म्हणजे लिहिलं असतं तर आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो असतो. त्यामुळे व्हॉइस नोट वाईट असं सरसकट म्हणू नये. अजून त्याच ताई आहेत आईकडे, फार प्रेमाने करतात.

---

चौथा_अ‍ॅक्सिस (मंगळवार, सकाळी 8:10)

ताई तुमचं बरोबर आहे पण तुमचा नंबर ओळखीतून होता. शेजारणीचं नाव सांगितलं असेल ना तुम्ही पहिल्या वाक्यात? दादांचा नंबर त्या 40 जणांसाठी कोरा आहे. आणि ड्रॉइंग वाचणाऱ्या पोराला वाचता येतंच.

---

वरणभात (मंगळवार, सकाळी 8:31)

हो, शेजारणीचं नाव सुरुवातीलाच घेतलं होतं. हे लक्षात आलं नव्हतं माझ्या. आणि खरं सांगायचं तर पत्ता मला परत लिहूनच पाठवावा लागला, विंग आणि मजला त्यांना आठवेना, मग त्यांनी तो रिक्षावाल्याला दाखवला.

---

शिफ्ट_इन्चार्ज (मंगळवार, दुपारी 1:20)

मी 19 वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात प्रॉडक्शन आणि मग भरती बघितली, आता छोट्या युनिटांना माणसं मिळवून देण्यात मदत करतो. वरच्या सेटर भावाने बरंच नेमकं सांगितलंय, त्यात थोडी भर.

तुमचा मेसेज समोरच्याला दिसतो कसा ते आधी बघा. अनोळखी नंबर आला की व्हॉट्सअ‍ॅप त्या माणसाला लगेच ब्लॉक आणि रिपोर्टचा पर्याय समोर देतं. नोटिफिकेशनमध्ये फक्त पहिली एक-दीड ओळ दिसते, आणि व्हॉइस नोटचं तर नुसतं माईकचं चिन्ह आणि सेकंद दिसतात. त्या दीड ओळीवर तो ठरवतो उघडायचं का. तुमच्या दीड ओळीत काय होतं? हाय, हात हलवणारा, अर्जंट, दोन ज्वाळा. कंपनीचं नाव कुठेच नाही, ते व्हॉइस नोटच्या आत.

आता याच पोरांना रोज दुसरे कुठले मेसेज येतात ते बघा. "घरबसल्या रोज 3000 कमवा 💰💰", "अर्जंट हायरिंग 🔥 फ्रेशर चालेल". त्यातले बरेच शेवटी गेटपास, युनिफॉर्म, मेडिकल अशा नावाने पाचशे-हजार मागतात आणि पैसे गेले की नंबर बंद. म्हणून तर त्या एकाने तुम्हाला फी विचारली, तो तुम्हाला त्याच रांगेत बघत होता. तुम्ही पैशाची थैली आणि ज्वाळा वापरल्यात म्हणजे त्यांचाच गणवेश घातलात, मग आतला माणूस कितीही सरळ असो. रंगरेषा ताई म्हणतात तसं ओळख झाल्यावर इमोजीने ऊब येते हे मला मान्य, पण इथं ओळख व्हायच्या आधीच माणूस पळतोय.

शॉर्टफॉर्मचं मात्र सरसकट वाईट म्हणू नका. व्हीएमसी, पीएफ, ईएसआयसी, आयटीआय, सीएनसी हे या धंद्याचे शब्द आहेत, ते फोडून लिहिलेत तर उलट वाटेल लिहिणारा शॉपमधला नाही. चालत नाहीत ते दोन प्रकार. एक म्हणजे घाई दाखवणारे, सॅल, इंट, एक्स्प, यात तुमचा एक सेकंद वाचतो आणि समोरच्याला वाटतं याला मला दोन शब्द पूर्ण लिहायला वेळ नाही. दुसरे जास्त घातक, ज्यांचे दोन अर्थ होतात. ऑप., ड्यूटी 12, आणि सगळ्यात मोठा "20 के".

20 हजार म्हणजे काय ते एकदा मांडून बघा. ग्रॉस 20,000, त्यात बेसिक आणि डीए मिळून 15,000 धरू. पीएफ त्याचा 12 टक्के म्हणजे 1800. ईएसआयसी ग्रॉसवर पाऊण टक्का, 150. व्यवसाय कर 200. हातात 17,850. आता हेच 20,000 जर सीटीसी असेल, म्हणजे मालकाचा पीएफचा आणि ईएसआयसीचा वाटासुद्धा त्याच 20 मधून जाणार असेल, तर हातात साडेपंधरा हजारांच्या आसपासच उरतात. एकाच "20 के" मध्ये दोन-अडीच हजारांचा फरक. खोलीचं भाडं निघतं तेवढ्यात. पोरं हे अनुभवाने शिकलेली आहेत, म्हणून "20 के" वाचलं की मनातल्या मनात कमीतलाच आकडा धरतात. तुम्ही खरे 17,850 देणार असाल तरी तुमचं त्यांना 15 च वाटतं, म्हणजे नुकसान तुमचंच.

तुमचं नक्की काय आहे, ग्रॉस का सीटीसी? आणि ओटी कुठल्या रेटने? कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, तुम्ही तसा देत असाल तर ते लपवताय कशाला, लिहा.

---

जिगफिक्श्चर (मंगळवार, दुपारी 3:05)

ग्रॉस 20 आहे काका, पीएफ ईएसआयसी दोन्ही भरतो, ओटी डबल देतो. सेटरला 24 पर्यंत जायची तयारी होती पण ते बोलताना सांगू म्हणून लिहिलं नाही. आता वाचताना लक्षात येतंय की बोलायची वेळच आली नाही.

---

शिफ्ट_इन्चार्ज (मंगळवार, दुपारी 3:22)

24 असेल तर गणित बदलतं. ईएसआयसीची मर्यादा 21,000 आहे, त्याच्या वर नव्या माणसाला ईएसआयसी लागत नाही. पण मग दवाखान्याचं काय हा प्रश्न लग्न झालेला माणूस विचारणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा. पहिल्या मेसेजमध्ये हातातला आकडा द्या, बाकी फोनवर.

---

मायक्रॉन (मंगळवार, रात्री 8:47)

मी क्वालिटीत आहे, जॉबची मापं घेणारं सीएमएम मशीन चालवते, हॉस्टेलला राहते. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच धाग्यात बसतो.

गेल्या महिन्यात रात्री पावणेदहाला अनोळखी नंबरवरून व्हॉइस नोट आली, खाली फक्त "हॅलो 😊 तुमचा प्रोफाइल पाहिला". मी ती नोट ऐकलीच नाही. तीन दिवसांनी त्याच नंबरवरून लिहिलेला मेसेज आला तेव्हा कळलं की एका टूलरूमला खरंच सीएमएमवाली पाहिजे होती. तोपर्यंत त्यांना दुसरी मिळाली होती. ते सर वाईट नव्हते, नंतर फोनवर नीट बोलले, म्हणाले टाइप करायला चष्मा लागतो म्हणून बोलून पाठवलं. पण मला ते कसं कळणार? "प्रोफाइल पाहिला" आणि हसरा चेहरा, हे नोकरीबद्दल आहे का दुसऱ्या कशाबद्दल, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कंपनीचं नाव, पद आणि माझा नंबर कुठून मिळाला, या तीन गोष्टी पहिल्या ओळीत असत्या तर मी रात्रीच उत्तर दिलं असतं.

रंगरेषा म्हणते आवाजावरून माणूस खरा आहे कळतं, पण बाईला अनोळखी पुरुषाचा आवाज आला की आधी धास्ती वाटते, खरंखोटं त्यानंतर.

---

रंगरेषा (मंगळवार, रात्री 9:15)

मायक्रॉन, हे मी विचारात घेतलंच नव्हतं. माझे क्लायंट बहुतेक बायका असतात आणि माझं पान बघून येतात, म्हणजे आम्ही अगदी अनोळखी नसतोच. 😊 बद्दल माझं मत बदललं. पण 🙏 वर मी ठाम आहे, नमस्कार लिहायच्या ऐवजी तो टाकला तर त्यात काय गैर? आपल्याकडे सगळेच टाकतात, माझे आजोबा पण टाकतात.

---

कानोसा (मंगळवार, रात्री 9:50)

मी दृष्टिहीन आहे, कस्टमर केअरला काम करतो, फोन टॉकबॅकवर चालवतो. टॉकबॅक इमोजीचं नाव वाचतो. म्हणजे वरचा पहिला मेसेज मला हाय, हलणारा हात, मग आग, आग, पैशाची थैली असा ऐकू येतो, त्यात पगाराचा आकडा निसटतो. शेवटी एक 🙏 असेल तर काही बिघडत नाही, मधे मधे असले की वाक्य तुटतं. "ऑप." तो ऑप असाच वाचतो, मला कळायला परत मागे जावं लागतं.

व्हॉइस नोट मला सोयीची असेल असं लोकांना वाटतं. ऐकायला सोयीची आहे. पण पत्ता किंवा पिनकोड परत पाहिजे असला की पुन्हा सुरुवातीपासून ऐकावं लागतं, लिहिलेल्यात मी शब्दाशब्दाने जाऊ शकतो, कॉपी करू शकतो. म्हणून मला पण पहिला मेसेज लिहिलेलाच बरा.

---

शिफ्ट_इन्चार्ज (बुधवार, सकाळी 6:40)

जिगफिक्श्चर, काल रात्री बसून तुमच्यासाठी एक लिहिला. नावं तुमची घाला.

"नमस्कार. मी (नाव), (युनिटचं नाव), सेक्टर 10, भोसरी एमआयडीसी. तुमचा नंबर (अ‍ॅपचं नाव) वरून मिळाला. आम्हाला व्हीएमसी सेटर पाहिजे. फॅनुक कंट्रोल, अ‍ॅल्युमिनियम आणि एमएसचे जॉब. शिफ्ट 8 तास, ओटी लागला तर डबल रेटने. हातात 20,000 ते 22,000, ट्रायल बघून ठरेल. पीएफ आहे. कुठलीही फी नाही. इच्छा असेल तर फक्त 'हो' लिहा, तुम्हाला सोयीची वेळ विचारून फोन करतो."

फक्त हो लिहायला सांगा, कारण कामावरून सुटलेल्या माणसाला लांब लिहायचं जिवावर येतं. आणि व्हॉइस नोट पाहिजेच असेल तर त्याने हो म्हटल्यावर विचारा, मशीनबद्दल बोलून सांगू का म्हणून. तेव्हा त्याच नोटचा उपयोग होतो, शॉपचा मागचा आवाज पण त्याला ऐकू येतो.

वेळेचं सांगतो. पहिली शिफ्ट बहुतेक ठिकाणी साडेतीनच्या आसपास सुटते, चारनंतर पाठवा. आणि 40 जणांना एकदम तोच मेसेज चिकटवू नका, बऱ्याच जणांनी रिपोर्ट केलं तर तुमचा नंबरच बंद होऊ शकतो आणि त्यावर तुमची गिऱ्हाइकं आहेत.

---

कागदपत्र (बुधवार, सकाळी 9:05)

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ फोन का नाही करत? आमच्या वेळी आयटीआयच्या गेटवर जाऊन माणूस उचलायचो.

---

चौथा_अ‍ॅक्सिस (बुधवार, दुपारी 12:38)

काका शिफ्टमध्ये फोन लॉकरला, आणि संध्याकाळी अनोळखी नंबर आम्ही उचलत नाही, लोनवाले आणि क्रेडिट कार्डवाले इतके येतात. आधी मेसेज मग फोन, असं असलं तर उचलतो. आयटीआयच्या गेटवर फ्रेशर मिळेल, सेटर नाही मिळणार.

शिफ्ट इन्चार्ज काकांच्या मेसेजमध्ये एक घाला, ट्रायलचे पैसे मिळतात का. ट्रायल म्हणून दिवसभर जॉब काढून घेतात आणि संध्याकाळी कळवतो म्हणतात, हे माझ्यासोबत दोनदा झालंय.

---

जिगफिक्श्चर (बुधवार, दुपारी 2:10)

घातलं. "ट्रायल दोन तासांची, दिवसभर थांबवलं तर त्या दिवसाचा पगार." 🙏 काढून टाकला, रंगरेषा ताई रागावू नका, सुरुवातीला नमस्कार लिहिलाय तेवढा पुरेल असं वाटलं.

---

जिगफिक्श्चर (पुढचा सोमवार, रात्री 9:30)

काय झालं ते सांगायला आलो. यावेळी 40 ऐवजी 14 जणांनाच पाठवला, प्रत्येकाचं नाव घालून, चारनंतर. 6 जणांचं "हो" आलं, दोघांनी "आता नको, नंबर सेव्ह केला" असं लिहिलं, ब्लॉक एकाने केलं असावं. चौघे ट्रायलला आले. एकाने पहिल्याच पीसला बोअर 20 मायक्रॉनमध्ये काढून दिला, तो एक तारखेपासून येतोय, हातात 21,500 ठरले.

पण हे सगळं इमोजी काढल्याने झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. यावेळी यादीच निवडून केली होती, ज्यांच्या प्रोफाइलवर सेटर लिहिलंय तेवढेच घेतले, आणि आकडा पण वाढवून लिहिला. कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही. जो ठेवला त्याला विचारलं की तू उत्तर का दिलंस, तर म्हणाला "सेक्टर 10 लिहिलं होतं आणि फी नाही लिहिलं होतं, रूमवरच्या पोरांना दाखवला, ते म्हणाले जाऊन ये." म्हणजे मेसेज एकाला पाठवला तरी तो चौघांनी वाचला. व्हॉइस नोट असती तर तो रूमवर वाजवला असता का, विचारायचं राहिलं.

---

चौथा_अ‍ॅक्सिस (पुढचा सोमवार, रात्री 10:02)

रूमवर दाखवतोच माणूस, आम्ही पाचजण राहतो, कुणाला पण मेसेज आला की सगळे वाचतात आणि त्यातला एकजण त्या कंपनीत जाऊन आलेला असतो. अभिनंदन दादा.

---

मायक्रॉन (पुढचा सोमवार, रात्री 10:20)

छान झालं. एक विचारायचं होतं, त्या 14 मध्ये बिहार, ओडिशाची मुलं होती का? आमच्या शॉपला निम्मी तीच आहेत. त्यांना मराठीत पाठवलं का हिंदीत?

---

जिगफिक्श्चर (पुढचा सोमवार, रात्री 10:41)

पाच जण होते, त्यांना हिंदीत पाठवला, माझ्या मुलीने लिहून दिला. त्या पाचपैकी "हो" फक्त एकाचं आलं. हिंदी चुकली का, का त्यांची भरती ठेकेदाराकडूनच होते म्हणून ते थेट उत्तर देत नाहीत, कळत नाही. शिफ्ट इन्चार्ज काका, तुमच्याकडे बघतोय.

---

शिफ्ट_इन्चार्ज (मंगळवार, सकाळी 6:35)

ठेकेदाराची बाजू असतेच, त्याने खोली दिलेली असते आणि थोडी उचल पण दिलेली असते, त्यामुळे पोरगं स्वतःहून हलत नाही. पण तो हिंदी मेसेज इथं टाका, वाचतो, मग बोलू.